यकृतात झोपलेला ताप

परीक्षा तीन आठवड्यांवर आली तरी म्हाळसाचा मलेरियाचा धडा पक्का होत नव्हता. बारामतीच्या सरकारी मेडिकल कॉलेजात ती दुसऱ्या वर्षाला होती. बाकीची मायक्रोबायोलॉजी तिला आवडायची, पण मलेरियाच्या प्रश्नांवर ती हमखास अडखळायची. डास चावल्यावर जंतू आधी यकृतात जातो, तिथे वाढतो, मग रक्तात उतरून तांबड्या पेशींमध्ये शिरतो, पेशी फुटल्या की ताप भरतो. एवढं सगळं तिला झोपेतही सांगता आलं असतं. घोळ व्हायचा तो औषधांचा. कुठलं औषध कुठल्या अवस्थेवर, हे विचारलं की तिची जीभ जड व्हायची.

तिची रूममेट श्रेया कोऱ्हाळे बुद्रुकची. ती हातात प्रश्नांचे कागद घेऊन कॉटवर मांडी घालून बसली होती.

"क्लोरोक्विन?"

"रक्तातल्या अवस्थेवर."

"यकृतातल्या?"

"त्याच्यावर क्लोरोक्विनचं काही चालत नाही."

"डासाच्या लाळेतून नुकताच आत आलेला स्पोरोझॉइट. त्याला मारणारं औषध?"

म्हाळसा थांबली. "प्रायमाक्विन."

"चूक. त्याला मारणारं एकही औषध आपल्या पुस्तकात नाही. तो अर्ध्या तासात यकृत गाठतो." श्रेयाने पुढचा कागद उचलला. "प्रायमाक्विन कशावर?"

"हिप्नोझॉइटवर. व्हायवॅक्स जातीचे काही जंतू यकृतात झोपून राहतात, त्यांच्यावर."

"आणि ते झोपलेले राहिले तर?"

"महिन्यांनी जागे होतात. पुन्हा रक्तात येतात, पुन्हा ताप. त्याला रिलॅप्स म्हणायचं."

"येतंय की तुला," श्रेया म्हणाली. तेवढ्यात म्हाळसाचा फोन वाजला.

लोणी भापकरहून आईचा फोन होता. सरुबाई फोनवर नेहमी थोडं मोठ्याने बोलायची, आज मात्र आवाज खाली होता.

"नागेशला परत थंडी वाजून ताप आलाय. इंदापुरातच पडलाय, सासुरवाडीला. काल सांजच्याला गेला आन् आज सकाळपासनं दातावर दात वाजत्यात."

नागेश म्हाळसाचा थोरला भाऊ. पोकलेन चालवायचा, कामं मिळतील तिकडे जायचा. माघात त्याचं लग्न झालं होतं. बायको छकुली इंदापूर तालुक्यातली, उजनी धरणाच्या फुगवट्याच्या काठावरच्या एका वस्तीवरली. सातवा महिना लागला तशी ती बाळंतपणाला माहेरी गेली होती.

"वैशाखातबी तिथंच आला व्हता ताप," आई म्हणाली. "दोन्ही येळंला तिथंच. त्या पाण्याकाठी डासांचा नुसता थवा हाय. मी सांगून ठिवलंय, आता त्यानं तिकडं पाऊल टाकायचं न्हाय. आन् पोरगी बाळंत झाली की बाळाला घिऊन लगेच हिकडं यायचं. तिथं ऱ्हायचं न्हाय."

"वहिनी काय म्हणाल्या?"

"काय म्हननार. रडाय लागली. माझं काय चुकलं म्हनती. मी कुठं म्हनलं तिचं चुकलं? तिथली जागाच वंगाळ."

म्हाळसाने फोन ठेवला. श्रेयाने नजरेनेच विचारलं तेव्हा तिने सगळं सांगितलं, आणि सांगता सांगता मध्येच गप्प झाली.

"श्रेया, काल संध्याकाळी गेला आणि आज सकाळी ताप."

"मग?"

"काल संध्याकाळी तिथे डास चावला असता तरी जंतू आज यकृतात असता. यकृतातच त्याला आठवडाभर लागतो. मग रक्तात वाढायला आणखी वेळ. ताप यायला निदान दहा-बारा दिवस." ती उठून उभी राहिली. "तिथल्या डासाने आणलेला ताप नाही हा. दादा ताप बरोबर घेऊनच गेला होता."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने इंदापूरची एसटी धरली.

वस्तीवर पोचली तेव्हा नागेश ओसरीत वाकळ पांघरून बसला होता. ताप उतरला होता आणि तो घामाने भिजला होता. डोळ्यांखाली काळं झालं होतं. छकुली पलीकडे भिंतीला टेकून बसली होती. पोटामुळे तिला खाली बसताना, उठताना हात टेकावा लागायचा. म्हाळसाला बघून ती उठायला लागली.

"बसा वहिनी, उठू नका."

"ताई, आत्याबाईंनी कळवलं असंल तुमास्नी," छकुली हळू म्हणाली. "आमच्या हितं माझ्या बापाला न्हाय ताप, आईला न्हाय, शेजारी कुनाला न्हाय. यांनाच का येतोय, मला कळंना. सरकारी दवाखान्याच्या आशाताई परवा घरोघर फिरून गेल्या, रक्तं घेतली. समद्यांची चांगली आली. माझंबी."

"तुमच्या घरामुळे आला नाही हा ताप," म्हाळसा म्हणाली. "आईला मी समजावून सांगेन. आधी दादाला बारामतीला नेते."

छकुलीने तिच्याकडे बघितलं. खरं म्हणते की नुसती समजूत घालते, ते ती चेहऱ्यावर शोधत होती. मग आत जाऊन तिने वाटेसाठी दोन भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी फडक्यात बांधून दिली. नागेश निघताना तिने त्याच्या गळ्यातला मफलर नीट केला.

एसटीत म्हाळसाने भावाला विचारलं, "गेल्या पावसाळ्यात तू गडचिरोलीला रस्त्याच्या कामावर होतास. तिथे मलेरिया झाला होता ना?"

"व्हय. तिथं समद्यांनाच झाला."

"गोळ्या कुठल्या दिल्या होत्या?"

"पांढऱ्या. त्या तीन दिवसांत संपल्या. ताप गेला."

"आणि दुसऱ्या? चौदा दिवसांच्या?"

नागेश खिडकीतून बाहेर बघायला लागला. उसाचे फड मागे पळत होते. "त्या न्हाय घेतल्या पुऱ्या."

"आणि वैशाखात? तेव्हाही दिल्या असतील डॉक्टरांनी."

"दिल्या व्हत्या. टाकून दिल्या."

म्हाळसाचा पारा चढला. "दादा, त्या गोळ्यांसाठीच तर हे सगळं चाललंय. पांढरी गोळी रक्तातला जंतू मारते, यकृतात झोपलेल्याला तिचा धक्काही लागत नाही. त्याला मारणारी ती दुसरी. ती तू फेकून दिलीस, म्हणून तो पुन्हा उठतोय. आणि दोष कुणाला लागतोय? वहिनींच्या माहेराला."

भिगवणला गाडी थांबली, तिने त्याला चहा आणून दिला. तो त्याने दोन्ही हातांनी धरून प्यायला. म्हाळसाचा राग तेवढ्यात निवला.

कॉलेजच्या दवाखान्यात त्याच्या बोटाचं रक्त घेतलं. मायक्रोबायोलॉजीच्या रणनवरे मॅडमनी काचपट्टी स्वतः रंगवली आणि म्हाळसाला जवळ बोलावलं. "बघ. काय दिसतंय ते सांग."

तिने डोळा लावला. काचपट्टीवर गुलाबी पेशींचा पसारा होता. त्यांतली एक पेशी शेजारणींपेक्षा मोठी, फुगलेली, आत बारीक लालसर ठिपके, आणि मध्ये एक वेडंवाकडं निळसर वळं. म्हाळसाने पुस्तकात ते शंभर वेळा पाहिलं होतं. हे तिच्या भावाचं रक्त होतं. तिला क्षणभर नीट दिसेना.

"व्हायवॅक्स," ती म्हणाली. "पेशी मोठी झालीय, ठिपके आहेत."

"बरोबर. आता काय द्यायचं?"

"रक्तातल्या जंतूंसाठी क्लोरोक्विन. यकृतातल्या झोपलेल्यांसाठी प्रायमाक्विन, चौदा दिवस."

मॅडम लगेच बरोबर म्हणाल्या नाहीत. "प्रश्नपत्रिकेत एवढं पुरेल. वॉर्डात त्याआधी रुग्णाला काही विचारायचं असतं. जा, विचारून ये. मागच्या वेळी गोळ्या का थांबवल्या, हे त्याला कुणी शांतपणे विचारलंय का?"

नागेश बाहेर बाकावर बसला होता. क्लोरोक्विनची पहिली मात्रा त्याने नर्ससमोरच घेतली होती. म्हाळसा शेजारी बसली. छकुलीने दिलेलं फडकं तिने सोडलं, भाकरीचा तुकडा त्याला दिला, एक आपण घेतला.

"दादा, एसटीत मी रागावले. ते सोड. गोळ्या का टाकल्यास, ते सांग. मी कुणाला सांगणार नाही, सांगावं लागलं तर तुला विचारून सांगेन."

त्याने भाकरीचा तुकडा फडक्यावर ठेवला.

"गडचिरोलीला त्या तपकिरी गोळ्या चालू केल्या," तो म्हणाला. "तिसऱ्या-चौथ्या दिवशी लघवी काळी झाली. कोऱ्या च्यावानी. डोळं पिवळं पडलं, चार पावलं चाललं की धाप लागायची. म्हनलं आपलं मूत्रपिंड गेलं. भ्यालो मी, म्हाळू. गोळ्या सोडल्या तसं हळूहळू साफ झालं."

"तिथल्या डॉक्टरांना का नाही सांगितलंस?"

"तवा लग्न ठरलं व्हतं." तो खाली मान घालून बोलत होता. "पोराला काळी लघवी होती, हे छकुलीच्या घरी कळलं असतं तर? तिला बघायला गेलो तवा ती पानी घिऊन आली, आन् मला इचारलं, तिकडं लांब जंगलात काम करताना जेवायला कोन घालतं. तेवढंच बोलली. मला ती मोडू द्यायची नव्हती सोयरीक. म्हनून गप बसलो. वैशाखात परत त्याच गोळ्या मिळाल्या. बघितल्या आन् टाकून दिल्या. आन् आता तिच्याच घराला बोल लागलाय."

म्हाळसाचा घास हातातच राहिला. तिच्या हातात असतं तर तिने आजच, आपण शहाणे असं समजून, त्याला रोज ती गोळी घ्यायला लावली असती. चौदा दिवस, एकही चुकवायची नाही, अशी दमबाजी करून.

तिने त्याला विचारूनच हे मॅडमना सांगितलं. मॅडमनी त्यांना मेडिसिनच्या डॉक्टरांकडे नेलं आणि रक्ताची आणखी एक तपासणी झाली. तांबड्या पेशींत जी-सिक्स-पीडी नावाचं एक एन्झाइम असतं, ते पेशीला सांभाळतं. नागेशच्या पेशींत ते फार कमी निघालं. एरवी त्याचा त्याला काहीच त्रास नव्हता. पण प्रायमाक्विन रोज पोटात गेलं की त्या पेशी टिकत नव्हत्या, फुटत होत्या, आणि फुटलेल्या पेशींचा रंग लघवीत उतरत होता.

"म्हंजी मला ती गोळी कधीच न्हाय?" नागेशने विचारलं.

"रोज नाही," डॉक्टर म्हणाले. "आठवड्यातून एकदा, आठ आठवडे. पेशी थोड्या फुटतील, पण मधल्या दिवसांत शरीर नव्या बनवेल. दर वेळी इथे यायचं, रक्त तपासायचं, लघवीचा रंग सांगायचा. काळी दिसली तर पुढची गोळी थांबवून सरळ इकडे यायचं. लपवायचं नाही."

"न्हाय लपवणार," तो म्हणाला.

लोणी भापकरला जायला म्हाळसाला रविवार मिळाला. वडील बापूसाहेब मेंढ्यांच्या वाड्याकडे गेले होते. आता पूर्वीसारखं मोठं खांड राहिलं नव्हतं, पण पाच-पन्नास मेंढ्या त्यांनी हौसेने ठेवल्या होत्या. सरुबाई अंगणात घेवडा निवडत बसली होती. म्हाळसा तिच्यासमोर बसली आणि हातात शेंगा घेऊन बोलायला लागली. डास, यकृत, झोपलेला जंतू, पांढरी गोळी, तपकिरी गोळी, सगळं तिने सोप्या शब्दांत सांगितलं. दादाला विचारून काळ्या लघवीचंही सांगितलं. काल चावलेल्या डासाचा ताप आज येत नाही, हे दोनदा सांगितलं.

सरुबाई ऐकत होती. "म्हंजी त्यो गडचिरोलीचाच ताप?"

"हो. लग्नाच्या आधीचा. वहिनींचा, त्यांच्या घराचा काही संबंध नाही."

"आन् ती काळी लघवी? ती कशापायी?"

हा प्रश्न येणार, हे म्हाळसाला माहीत होतं. वाटभर ती त्याचाच विचार करत आली होती. रक्तातली ही कमतरता मुलग्याला बापाकडून मिळत नाही, आईकडून मिळते. आई स्वतः धडधाकट असते, तिला माहीतही नसतं. पुस्तकात ही एक ओळ होती. समोर आई बसली होती, आणि तिच्या तोंडावर ती ओळ म्हणणं म्हाळसाला जमेना.

"रक्तात एक गोष्ट कमी आहे त्याच्या. जन्मापासून."

"कुनाकडनं आली?"

म्हाळसा शेंगेचे दोर काढत राहिली.

"माझ्याकडनं ना?" सरुबाई म्हणाली.

"आई, यात कुणाचा दोष नसतो."

सरुबाईने हातातलं सूप खाली ठेवलं. "माझा भाऊ व्हता एक. महिपती. तू बघितला न्हायस, मीच ल्हान व्हते. तापात कसल्या गोळ्या दिल्या आन् त्यो पिवळाधम्मक झाला, तांब्यात काळं मुतला. गेला चार दिवसांत. माझ्या आईला समदे म्हनले, तू पोराला कुठं न्हेलं व्हतंस, काय खाऊ घातलंस. ती शेवटपत्तुर इचार करत बसली, काय खाऊ घातलं."

महिपतीला कुठल्या गोळ्या दिल्या होत्या, कशाने तो गेला, हे आता कुणालाच सांगता आलं नसतं. "तेच असेल असं मला छातीठोक म्हणता येणार नाही," म्हाळसा म्हणाली. "पण आजीने काही चुकीचं खाऊ घातलं नव्हतं, एवढं मला वाटतं."

सरुबाईने पदर डोळ्यांना लावला. थोड्या वेळाने ती उठली, घागरीतलं पाणी प्यायली आणि म्हणाली, "तुज्यातबी असंल का ते?"

"असू शकेल. तपासून घेणार आहे."

"घे तपासून. आन् मला इंदापूरला कवा न्हेतीस?"

त्या गेल्या त्याच आठवड्यात. सरुबाईने वाटेत काही शब्द जुळवले होते, पण वस्तीवर पोचल्यावर तिने ते कुणालाच ऐकवले नाहीत. छकुली पाया पडायला वाकायला लागली, तशी सरुबाईने तिला दंडाला धरून वर उचललं. "पोटातल्याला दुखंल," ती म्हणाली. मग तिने छकुलीला पुढ्यात बसवलं, तेल मागवून घेतलं आणि तिच्या केसांना तेल लावत बसली. बाळंतपण इथेच होऊ दे, पाच-सहा महिने निवांत राहा, मला नातवंड बघायचं झालं तर मीच येईन, असं ती तिच्या पाठीमागून बोलत राहिली. छकुलीचे डोळे भरले होते, पण ते सरुबाईला दिसत नव्हते. म्हाळसाला दिसत होते.

तेवढ्यात छकुली म्हणाली, "ताई, यांनी फोनवर मला समदं सांगितलंय. यांचं रक्तातलं ते बाळाला येईल का वो?"

"मुलगा झाला तर दादाकडून त्याला येणार नाही. मुलगी झाली तर तिच्यात ते असेल, पण तुमच्याकडून चांगलंही मिळेल, म्हणून सहसा त्रास होत नाही. जन्मल्यावर तपासू. एकदा कळलं की कुठली गोळी द्यायची नाही ते आपल्याला माहीत असतं."

"म्हंजी घाबरायचं न्हाय?"

"घाबरायचं नाही. सांगून ठेवायचं."

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी म्हाळसाला मलेरियाच विचारला. कुठलं औषध कुठल्या अवस्थेवर? ती न अडखळता सांगत गेली. स्पोरोझॉइटला मारणारं काही नाही. क्लोरोक्विन आणि आर्टेमिसिनिन रक्तातल्या अवस्थेवर. यकृतात झोपलेल्या हिप्नोझॉइटवर प्रायमाक्विन. फाल्सिपॅरम जातीच्या गॅमेटोसाइटवरही तेच, म्हणजे डासाकडे पुढे जंतू जात नाही. परीक्षक समाधानाने मान हलवून पुढच्या प्रश्नाकडे वळणार, तेवढ्यात ती म्हणाली, "सर, प्रायमाक्विन देण्याआधी जी-सिक्स-पीडी तपासावं लागतं. गरोदर बाईला ते देत नाहीत, पोटातल्या बाळाचं आपल्याला माहीत नसतं. आणि आधी ते औषध घेतलं असेल तर लघवीचा रंग बदलला होता का, हे विचारावं लागतं."

"हे शेवटचं कुठल्या पुस्तकात आहे?" त्यांनी हसून विचारलं.

"पुस्तकात असेल सर. मी बाकावर बसून विचारलं होतं."

नागेश दर आठवड्याला बारामतीला येत राहिला. पहिल्या गोळीनंतर तो दोन दिवस घाबरलेला होता. सकाळ-संध्याकाळ म्हाळसाला फोन करून लघवीचा रंग सांगायचा, आणि श्रेया पांघरुणात तोंड घालून हसायची. हिमोग्लोबिन थोडं उतरलं, मग पुन्हा चढलं. काळं काही आलं नाही. मधल्या काळात तो छकुलीकडे जाऊन यायचा, आणि मच्छरदाणी लावून झोपायचा, कारण रणनवरे मॅडमनी तसं बजावलं होतं.

शेवटची गोळी झाली आणि त्याच आठवड्यात छकुली बाळंत झाली. मुलगी झाली. म्हाळसा सुट्टी काढून वस्तीवर गेली, तेव्हा दुपारचं ऊन ओसरीत आलं होतं. छकुली आत झोपली होती. सरुबाई चुलीपाशी विहिणीबरोबर डिंकाच्या लाडवांवरून काहीतरी वाद घालत होती, आणि दोघींनाही त्यात मजा येत होती. नागेश ओसरीत मांडी घालून बसला होता आणि मुलगी त्याच्या मांडीवर निजली होती. पोकलेनचे दांडे ओढून राठ झालेला त्याचा हात तिच्या डोक्याखाली होता, आणि तो हलवायची त्याची हिंमत होत नव्हती.

"हात अवघडला असेल," म्हाळसा म्हणाली. "दे माझ्याकडे."

"असू दे," तो म्हणाला. "आत्ताच झोपलीय."